बँकेतली पुन्हा केवायसी: मुदत कशी मोजायची, फॉर्म राहिला तर काय अडतं, आणि खातं परत कसं सुरू होतं

जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली आणि पुढच्या काही महिन्यांत खेडोपाडी कोट्यवधी खाती उघडली गेली. त्या खात्यांची दहा वर्षं २०२४ पासून भरायला लागली. तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या शाखेत केवायसीच्या टेबलासमोरची रांग कमी झालेली नाही. मी त्याच टेबलावर बसतो. रोज विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. ती मुख्यतः व्यक्तींच्या बचत खात्यांबद्दल आहेत. कंपन्या, ट्रस्ट आणि भागीदारी संस्था यांची कागदपत्रं वेगळी असतात, त्यात मी शिरलेलो नाही.

खातं उघडताना सगळी कागदपत्रं दिली होती. मग पुन्हा कशाला?

खातं कोणाचं आहे, तो माणूस आज कुठे राहतो, काय करतो, ही माहिती बँकेकडे चालू स्थितीत असली पाहिजे, असं मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ आणि त्याखालचे नियम सांगतात. ते कसं करायचं याचा तपशील रिझर्व्ह बँकेने २०१६ च्या केवायसी निर्देशांत दिला आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या केल्या. दहा वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर ज्या गल्लीचा पत्ता आहे तिथे आता दुसरंच कुटुंब राहतं, मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असतो, 'व्यवसाय' या रकान्यात 'विद्यार्थी' लिहिलेलं असतं. अशा खात्यात उद्या कोणी गैरव्यवहार केला तर बँकेचं पत्रसुद्धा खऱ्या खातेदारापर्यंत पोचत नाही.

किती वर्षांनी तपासायचं हे जोखमीच्या गटावर ठरतं. जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दर २ वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची ८ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची १० वर्षांनी नवी करावी लागते. पगारदार, पेन्शनर, शेतकरी, गृहिणी आणि जनधन खातेदार साधारणपणे कमी जोखमीत मोडतात. तुमचा गट कोणता हे मात्र आम्ही सांगू शकत नाही. ते गोपनीय ठेवायचा नियम आहे, त्यामुळे काउंटरवर उत्तर टाळलं गेलं तर राग मानू नका. 'माझी पुढची केवायसी कधी?' असं विचारा, ती तारीख मिळते.

माझी मुदत नेमकी कधी संपते?

मोजणी खातं उघडल्यापासून, किंवा मधे केवायसी झाली असेल तर त्या तारखेपासून होते. १२ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने कमी जोखमीच्या व्यक्तींना मोठी सवलत दिली. केवायसीची तारीख उलटली तरी त्यांचे सगळे व्यवहार चालू ठेवायचे, आणि तारीख उलटल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत केवायसी पूर्ण करून घ्यायची.

दोन उदाहरणं घेऊ. एक खातं ९ सप्टेंबर २०१४ ला उघडलं आणि मधे कधीच केवायसी झाली नाही. दहा वर्षं ९ सप्टेंबर २०२४ ला भरली. एक वर्ष धरलं तर ९ सप्टेंबर २०२५ येतं, पण ३० जून २०२६ त्यानंतरची तारीख आहे, म्हणून या खात्याची शेवटची मुदत ३० जून २०२६. दुसऱ्या खात्याची केवायसी १५ नोव्हेंबर २०१६ ला झाली होती. तिची तारीख १५ नोव्हेंबर २०२६ ला येते, त्यात एक वर्ष मिळवलं की १५ नोव्हेंबर २०२७.

ही सवलत फक्त कमी जोखमीच्या व्यक्तींसाठी आहे. दुकानदाराच्या चालू खात्याला ती मिळेलच असं नाही. शेजाऱ्याला एक वर्ष मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल, असं धरून बसू नका.

बँकेने मला कळवायला नको का?

कळवायलाच हवं. २०२५ च्या त्याच दुरुस्तीनुसार तारखेआधी किमान तीन सूचना आणि तारीख उलटल्यावर किमान तीन स्मरणपत्रं द्यायची आहेत. दोन्ही वेळा त्यांतलं किमान एक टपालाने पाठवलेलं पत्र असलं पाहिजे, आणि सूचना दिल्याची नोंद बँकेने ठेवली पाहिजे. नुसता एसएमएस पाठवून बँक मोकळी होत नाही.

अडचण अशी की पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि एसएमएस जुन्या नंबरावर. ज्यांची माहिती सर्वांत जास्त बदललेली असते, त्यांच्यापर्यंतच सूचना पोचत नाही. म्हणून पासबुक भरायला आलात की 'केवायसी बाकी आहे का?' एवढं एक वाक्य विचारा. स्क्रीनवर एका मिनिटात दिसतं.

फॉर्म राहूनच गेला तर काय काय बंद होतं?

बहुतेक बँका आधी पैसे बाहेर जाण्याचा रस्ता बंद करतात. याला आम्ही 'डेबिट फ्रीझ' म्हणतो. खात्यात पगार येतो, अनुदान येतं, काउंटरवर रोकड भरता येते, व्याजही लागतं. पण एटीएममधून पैसे निघत नाहीत, यूपीआय चालत नाही, दिलेला चेक परत जातो, आणि बँक मित्राच्या मशीनवर अंगठा लावूनही रक्कम मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुन्या परिपत्रकांत यालाच खातं अंशतः गोठवणं म्हटलं होतं. जमा चालू, पैसे काढणं बंद, आणि खातं बंद करून पैसे घेऊन जायची मुभा खातेदाराला. त्यानंतरही बराच काळ प्रतिसाद आला नाही तर जमासुद्धा थांबू शकते. प्रत्येक बँकेचं धोरण थोडं वेगळं असतं, पण क्रम साधारण हाच.

पॅनचं प्रकरण जास्त कडक आहे. पॅन किंवा त्याऐवजी पॅन नसल्याच्या घोषणेचा फॉर्म ६० दिलेला नसेल तर खात्यातले सगळेच व्यवहार तात्पुरते थांबवायची तरतूद आहे. त्याआधी नोटीस द्यावी लागते, ग्राहकाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि आजारपण किंवा वार्धक्यामुळे देता येत नसेल तर सवलतही द्यावी लागते. कर्जखात्यात मात्र हप्ते भरून घेणं थांबत नाही. तिथे फक्त जमा चालू राहते.

लोकांना खरा फटका बसतो तो डोळ्यांआड चालणाऱ्या व्यवहारांमुळे. घरकर्जाचा हप्ता दुसऱ्या बँकेत असतो आणि दर महिन्याच्या ५ तारखेला या खात्यातून आपोआप जातो. खातं गोठलं की पुरेशी शिल्लक असूनही तो हप्ता परत जातो. मग कर्ज देणारी बँक दंड लावते आणि हप्ता चुकल्याची नोंद क्रेडिट अहवालात जाते. विम्याचा हप्ता, एसआयपी आणि विजेचं बिल यांचंही तेच. मुदत ठेवीला धक्का लागत नाही, तिचं व्याज चालू राहतं. पण ठेव पिकल्यावर रक्कम त्याच गोठलेल्या बचत खात्यात येऊन पडते आणि तिथेच अडकते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम बरोबर तारखेला पिकली, पण हातात पडायला पंधरा दिवस लागले, असं आमच्याच शाखेत झालंय. त्या वडिलांचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. केवायसी खात्याची होत नाही, ग्राहकाची होते. एका बँकेतली तुमची सगळी खाती एका ग्राहक क्रमांकाखाली असतात. त्यामुळे एकदा केवायसी केली की त्या बँकेतल्या सगळ्या खात्यांना ती लागू होते, आणि राहिली की सगळ्यांना झळ बसू शकते. संयुक्त खात्यात दोघांचीही केवायसी चालू असावी लागते. नवऱ्याची झालीय आणि बायकोची राहिलीय म्हणून खातं अडलेलं मी अनेकदा पाहिलंय.

पैसे जमा होतात पण निघत नाहीत. हे केवायसीमुळेच आहे हे कसं ओळखायचं?

खात्याला कुलूप लागण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची किल्लीही वेगळी. चुकीच्या किल्लीच्या मागे लागून लोकांचे आठवडे वाया जातात.

केवायसीच्या कुलपात शिल्लक दिसते, पैसे आत येतात, पण बाहेर जाणारा एकही व्यवहार होत नाही, मग तो शंभर रुपयांचा का असेना. दोन वर्षांहून जास्त काळ तुम्ही खात्यात स्वतःहून काहीच व्यवहार केला नसेल, तर खातं 'इनऑपरेटिव्ह' म्हणजे निष्क्रिय झालेलं असतं. बँकेने स्वतः जमा केलेलं व्याज किंवा कापलेलं शुल्क यात धरलं जात नाही. निष्क्रिय खातं सुरू करायलाही केवायसी लागते, पण त्याचं शुल्क घेता येत नाही, किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही, आणि कागदपत्रं पूर्ण झाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत काम व्हायला हवं. खातं वापराविना एकूण दहा वर्षं पडून राहिलं तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. तिथूनही ते परत मिळतात, पण तुमच्याच बँकेमार्फत.

ठरावीक रक्कमच अडली असेल आणि बाकीची वापरता येत असेल, तर ती 'होल्ड' किंवा 'लीन' असते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीत पोलिसांच्या सांगण्यावरून, कोर्टाच्या किंवा कर विभागाच्या आदेशावरून ती लागते. तिथे केवायसीचा फॉर्म दहा वेळा भरला तरी उपयोग नाही, आदेश कोणाचा हे बँकेकडून लिहून घ्यावं लागतं. आणि अनुदान मुळात जमाच होत नसेल, तर बहुधा आधार कोणत्या बँकेच्या खात्याला जोडलंय, तो प्रश्न असतो.

शाखेत जाऊन 'खातं बंद पडलंय' असं म्हणू नका. 'खात्यावर कोणत्या प्रकारचा फ्रीझ आहे आणि कोणत्या तारखेपासून?' असं विचारा. स्क्रीनवर कारण लिहिलेलं असतं.

लाडकी बहीणची ई-केवायसी केली, रेशनची केली. बँकेची झालीच ना?

नाही. हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो आणि त्यात लोकांचा दोष नाही, कारण सगळ्यांनी एकच नाव वापरलंय. योजनेची ई-केवायसी म्हणजे लाभार्थी खरा आहे का, पात्र आहे का, हे सरकारने तपासणं. पीएम-किसान, रेशन आणि गॅस यांचंही तेच, प्रत्येकाची नोंद त्या त्या खात्याकडे राहते. बँकेची केवायसी बँकेतच करावी लागते. आधार खात्याला जोडलंय म्हणजे केवायसी झाली, असंही नाही. उलट बाजूनेही तसंच. बँकेची केवायसी केल्याने योजनेची होत नाही.

माझं काहीच बदललेलं नाही. तरी झेरॉक्सचा गठ्ठा द्यायचा का?

द्यायचा नाही. 'माझ्या केवायसीच्या माहितीत काही बदल नाही' अशी स्वयंघोषणा पुरते. ती नोंदवलेल्या मोबाइलवरून, नोंदवलेल्या ई-मेलवरून, एटीएमवर, नेट बँकिंगमध्ये, बँकेच्या ॲपमध्ये किंवा साध्या पत्राने देता येते. या साध्या कामासाठी शाखेत यायची गरज नाही, हे रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२३ ला जाहीरपणे स्पष्ट केलंय.

कागद लागतात ते दोन प्रसंगी. बँकेकडचा जुना कागद आज मान्य असलेल्या यादीत नसला तर, किंवा त्याची मुदत संपली असली तर. आजची यादी छोटी आहे: पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याच्या सहीचं रोजगार हमीचं जॉबकार्ड, आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र. २०१४ साली तुम्ही कॉलेजच्या ओळखपत्रावर खातं उघडलं असेल, किंवा दिलेला परवाना २०२१ मध्ये संपला असेल, तर नवा कागद द्यावा लागेल. पॅनकार्ड या यादीत नाही. ते वेगळं लागतंच, पण पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही. लोक पॅनची झेरॉक्स देऊन निघून जातात आणि केवायसी झाली असं समजतात.

आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ अंक झाकलेले असलेलं चांगलं, आणि मूळ कार्ड सोबत आणा. आम्ही ते बघून 'मूळ पाहिलं' असा शिक्का मारतो.

पत्ता बदललाय, पण आधारवर अजून जुनाच आहे.

फक्त पत्ताच बदलला असेल तर नव्या पत्त्याचीही स्वयंघोषणा चालते. मग बँक दोन महिन्यांच्या आत तो पत्ता पडताळते, म्हणजे पत्र पाठवते किंवा माणूस पाठवते. हे पत्र परत आलं तर काम अडतं, म्हणून पत्त्यात 'शिंदे वाडा, मारुतीजवळ' यासारखी खूण लिहा, पोस्टमनला ती लागते. बँकेने पुरावा मागितलाच आणि हाताशी काही नसेल, तर दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा पत्ता असलेला सरकारी पेन्शनचा आदेश तात्पुरता चालतो. त्यानंतर तीन महिन्यांत नव्या पत्त्याचा कायमचा कागद द्यायचा असतो.

आधार ओटीपीवरून ऑनलाइन केवायसी केली तर चालू पत्ता वेगळा असल्याची घोषणा पुरते, पडताळणी लागत नाही. पण एक अट आहे. आधारला जोडलेला मोबाइल आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल एकच हवा. बहुतेकांचं ऑनलाइन काम इथेच फसतं. ॲप काहीतरी गोलमोल संदेश दाखवतं आणि माणूस चार वेळा प्रयत्न करून सोडून देतो. आधी बँकेत मोबाइल बदलून घ्या, मग ॲप उघडा.

लग्नानंतर नाव बदललं. खातं माहेरच्या नावाने आहे. काय करायचं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात सगळ्या अडचणी एकत्र आल्या होत्या. त्यांचं जनधन खातं सप्टेंबर २०१४ मध्ये माहेरी उघडलेलं, शाखा सासरपासून साठ किलोमीटरवर. खात्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. खात्याला जोडलेला मोबाइल भावाचा. दहा वर्षांची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली होती. बँकेचे एसएमएस भावाच्या फोनवर येत राहिले आणि त्याने जाहिरात समजून पुसून टाकले.

डिसेंबर आणि जानेवारीचे लाडकी बहीणचे दीड-दीड हजार जमा झाले. गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावला की मशीन शिल्लक बरोबर दाखवायचं, पण पैसे काढायला गेलं की व्यवहार नाकारल्याची चिठ्ठी यायची. अशा तीन चिठ्ठ्या त्यांनी पदराच्या गाठीत जपून आणल्या होत्या. कोणीतरी सांगितलं आधार पुन्हा लिंक करा, ते केलं. कोणी सांगितलं अंगठा झिजलाय, म्हणून आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने देऊन आल्या. आणि मग माझ्या टेबलासमोर बसून म्हणाल्या, "साहेब, पैसे दिसतात पण मिळत नाहीत. माझंच काही चुकलं का?"

चुकलं काहीच नव्हतं. स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं: केवायसी बाकी, डेबिट बंद. आधारवरचं नाव खात्याशी जुळत नसल्यामुळे नुसत्या स्वयंघोषणेने भागणार नव्हतं. नाव बदललं असेल तर राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, यांपैकी एक जोडावं लागतं. लग्नपत्रिका, फोटो किंवा पोलीस पाटलाचा दाखला चालत नाही. लग्नाची नोंदणी कधी केलीच नव्हती. ती नंतरही होते. त्यांनी गावी जाऊन ग्रामसेवकाकडे अर्ज केला, साक्षीदार उभे केले आणि बाराव्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन आल्या. त्याच दिवशी मी चार गोष्टी एकत्र घेतल्या: नाव बदलाचा अर्ज, केवायसीचा फॉर्म नव्या पत्त्यासह, नव्या सहीचा नमुना, आणि मोबाइल बदलायचा अर्ज. तिसऱ्या दिवशी डेबिट सुरू झालं. खातं माहेरच्या शाखेतच राहिलं, पण काम आमच्या शाखेत झालं, कारण केवायसी त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत होऊ शकते.

जून २०२५ नंतरच्या नियमाने असं कमी जोखमीचं खातं इतक्या लवकर गोठायला नको. पण नावाचा प्रश्न मुदत वाढली तरी तसाच राहतो. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ती आताच करून घ्या, केवायसीच्या पत्राची वाट बघू नका. कागदपत्रांत काहीही बदललं की ३० दिवसांत बँकेला कळवायचं, असंही नियमात आहे.

स्पेलिंगमधला एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक, म्हणजे एकीकडे `Sunita` आणि दुसरीकडे `Suneeta`, हे नाव बदलणं नव्हे. पण शाखेने अडवलं तर वाद घालण्यापेक्षा आधार किंवा पॅन यांतलं जे चूक असेल ते दुरुस्त करून घेणं सोपं जातं. नाहीतर दर दहा वर्षांनी तोच वाद.

शाखेत न जाता आणखी कुठे होते?

गावातल्या बँक मित्राकडे. जून २०२५ पासून 'बदल नाही' किंवा 'फक्त पत्ता बदलला' अशी घोषणा त्यांच्याकडे देता येते. अंगठ्याची आधार पडताळणी झाली की ते ती मशीनमधूनच शाखेला पाठवतात. बँकेने ती सोय अजून दिली नसेल तर कागदावर घेतात, आणि पोच द्यायलाच हवी. व्हिडिओ कॉलवरची केवायसीही समोरासमोरच्या इतकीच ग्राह्य असते. तीत बँकेचा कर्मचारी थेट बोलतो आणि मूळ कागद कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो.

आई अंथरुणाला खिळली आहे. अंगठाही उमटत नाही.

तिला उचलून रिक्षात घालून आणू नका. आधी शाखेला लेखी पत्र द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि कर्मचाऱ्याने घरी येऊन करावं अशी विनंती करा. सत्तरीच्या पुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. व्हिडिओ केवायसीत डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून नाकारलं गेल्याच्या प्रकरणावर ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेनेही सांगितलं की अशा चाचणीमुळे विशेष गरजा असलेली माणसं वगळली जाऊ नयेत. शाखेने नुसतं 'होत नाही' म्हटलं तर ते लेखी मागा.

मुलाचं खातं तो लहान असताना उघडलं होतं.

तो अठरा वर्षांचा झाला की नवा फोटो, नवी सही आणि त्याच्या स्वतःच्या नावाची कागदपत्रं लागतात. दहा वर्षं मोजत बसायचं नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या आधी हे उरकून घ्या.

मुलगी परदेशात आहे, तिचं एनआरओ खातं आहे.

तिथल्या भारतीय दूतावासातून, नोटरीकडून किंवा भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेतून साक्षांकित केलेल्या प्रती टपालाने पाठवता येतात. सुट्टीत येईल तेव्हा मूळ पासपोर्ट घेऊन शाखेत येणं सर्वांत सोपं.

'आज रात्री खातं बंद होईल, या लिंकवर केवायसी करा' असा मेसेज आलाय.

ती फसवणूक आहे, कितीही खरी वाटली तरी. खातं एका रात्रीत गोठत नाही, आधी किती सूचना द्याव्या लागतात ते वर लिहिलंय. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाची `.apk` फाइल आली तर ती उघडू नका. तिच्यातून फोनमधले ओटीपी वाचले जातात. केवायसीसाठी पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन अंक फोनवर कोणीही मागत नाही. ऑनलाइन करताना ओटीपी येतो, पण तो बँकेच्या ॲपमध्ये तुम्ही स्वतः टाकायचा असतो, कुणाला वाचून दाखवायचा नसतो. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच १९३० ला फोन करा, किंवा `cybercrime.gov.in` वर नोंदवा, आणि मग शाखेत या.

फॉर्म देऊन महिना झाला, खातं अजून बंदच. आता?

पोच आहे का? सगळं तिथे अडतं. कागद किंवा घोषणा मिळाल्याची तारीख असलेली पोच बँकेने द्यायची आहे, आणि नोंद झाल्यावर केवायसी कोणत्या तारखेला झाली हेही कळवायचं आहे. पोच नसेल तर फॉर्म गठ्ठ्यात कुठे गेला हे मलासुद्धा शोधता येत नाही. अशा वेळी वाद न घालता दुसरा फॉर्म भरा आणि त्याच्या झेरॉक्सवर शिक्का, सही, तारीख घेऊनच काउंटर सोडा.

पोच असेल तर शाखाधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या. तीत ग्राहक क्रमांक, फॉर्म दिल्याची तारीख आणि अडलेले व्यवहार तारखेसह लिहा. हप्ता परत गेल्याने दंड बसला असेल तर ती रक्कमही लिहा आणि मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही, आणि मराठीत बोलायचं असेल तर १४४४८ वर चौकशी करता येते. तक्रारीला पोचेचा आणि पासबुकाच्या त्या पानांचा फोटो जोडा, ज्यावर पैसे जमा झालेले दिसतात आणि शेवटची काढलेली रक्कम कधीची आहे तेही दिसतं.